देव्हारा घरात बसेल का? : एका लहान दुकानासाठी केलेल्या एआर दर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

साताऱ्यातील एका सागवानी देव्हाऱ्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळाची देखभाल मी गेली तीन वर्षे करीत आहे. दुकानाचे मालक आप्पा आणि ऑनलाइन मागण्या सांभाळणाऱ्या त्यांच्या सूनबाई मुक्ताताई यांनी आज एक नवे काम माझ्यापुढे ठेवले. ग्राहकाने मोबाइलचा कॅमेरा आपल्या स्वयंपाकघराकडे धरावा आणि पडद्यावर देव्हारा तिथेच ठेवलेला दिसावा, अशी ऑगमेंटेड रिॲलिटीची, म्हणजे एआरची, सोय त्यांना गुढीपाडव्याच्या आत हवी आहे. पाडवा ३० मार्चला आहे.

संकेतस्थळावर ३८ वस्तू आहेत. त्यांपैकी २१ देव्हारे, ९ चौरंग व पाट आणि ८ भिंतीवरच्या मांडण्या आहेत. गेल्या वर्षी संकेतस्थळावरून २१२ मागण्या आल्या, म्हणजे महिन्याला साधारण अठरा. एवढ्या उलाढालीच्या दुकानाने एआरवर किती खर्च करावा, याचे उत्तर आधी ठरवल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, असे मी दोघांनाही सांगितले. आप्पांनी ते लगेच मान्य केले. किंबहुना त्यांना ही कल्पना मुळातच फारशी पटलेली नाही. "गिऱ्हाइकाला म्हणावं, ओट्यावर वर्तमानपत्र अंथरा, मापाची घडी घाला आणि बघा," हे त्यांचे म्हणणे आहे. मी ते वहीत लिहून ठेवले आहे, कारण एआरला खरी स्पर्धा या वर्तमानपत्राशीच करायची आहे.

१२ फेब्रुवारी

मुक्ताताईंच्या व्हॉट्सॲपवरील जानेवारीतील सर्व चौकश्या आम्ही दोघींनी बसून वाचल्या. एकूण ४१ चौकश्यांपैकी २६ मापाविषयी होत्या: ओट्याच्या कोपऱ्यात बसेल का, कोनाड्याची खोली १६ इंच आहे तर चालेल का, वरच्या कपाटाला शिखर लागेल का. लाकडाचा रंग घरातील फर्निचरशी जुळेल का, असे विचारणारे केवळ चार जण होते. एआरच्या जाहिरातींत मात्र नेहमी उलटे दाखवतात. सोफा खोलीत किती शोभून दिसतो यावर तिथे भर असतो. आमच्या ग्राहकाला देव्हारा कसा दिसतो हे छायाचित्रातून कळलेले आहे, तो आपल्या जागेत मावतो का हे कळलेले नाही.

त्यानंतर २०२४ मधील परत आलेल्या वस्तूंची यादी काढली. एकूण नऊ वस्तू परत आल्या, त्यांतील तीन पॉलिशवरील चरे किंवा वाहतुकीतील धक्क्यामुळे आणि सहा माप न जमल्यामुळे. मापामुळे परत आलेले सहाही नग देव्हारेच होते. जाण्या-येण्याचे भाडे आणि पुन्हा पॉलिश मिळून एका परतीला सरासरी अडीच हजार रुपये पडतात, म्हणजे वर्षाला पंधरा हजार. एआर पूर्णपणे यशस्वी झाले तरी या मार्गाने वाचणारी रक्कम याहून अधिक असू शकत नाही. पुढील सर्व हिशेबाला हा आकडा वरच्या मर्यादेसारखा वापरायचा आहे.

१४ फेब्रुवारी

त्या सहा परतींची कागदपत्रे उघडल्यावर एक अशी गोष्ट हाती लागली की मला क्षणभर हसावे की रडावे ते कळेना. सहांपैकी चार देव्हाऱ्यांच्या बाबतीत तक्रार एकच होती: उंची जास्त निघाली. संकेतस्थळावर लिहिलेली उंची ही चौकटीच्या माथ्यापर्यंतची होती आणि त्यावरचे शिखर व कळस यांची पाच ते आठ इंच उंची त्यात धरलेलीच नव्हती. कारखान्यात मिस्त्री उंची सांगतात ती चौकटीची, कारण शिखर वेगळे घडवून शेवटी बसवतात. तीच संख्या तशीच्या तशी संकेतस्थळावर आली आणि ती तिथे मीच भरली होती.

म्हणजे परतींचा दोन-तृतीयांश भाग एक ओळ दुरुस्त करून थांबणार आहे आणि त्याला एआरची मुळीच गरज नाही. पंधरा हजारांची वरची मर्यादा अशा रीतीने पाच हजारांवर आली. आज सर्व २१ देव्हाऱ्यांच्या पानांवर "कळसासह एकूण उंची" ही ओळ घातली, परंतु आकडे मिस्त्रींकडून मोजून यायचे असल्यामुळे आठ पानांवर जागा अजून रिकामी आहे.

मुक्ताताईंनी विचारले की मग एआर करायचेच कशाला? माझे उत्तर असे की परती हा खर्चाचा एक भाग आहे. माप न कळल्यामुळे जे ग्राहक मागणीच नोंदवीत नाहीत ते कोणत्याही यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रयोग करून पाहता येईल, पण तो स्वस्तात.

२० फेब्रुवारी

पहिला देव्हारा निवडला: दोन फूट रुंदीचा, दोन झडपांचा, जाळीच्या बाजूंचा. सुरुवातीला छायाचित्रांवरून त्रिमिती प्रतिकृती तयार करण्याची पद्धत वापरून पाहिली. देव्हाऱ्याभोवती फिरून १२० छायाचित्रे काढली. ही पद्धत वेगवेगळ्या छायाचित्रांत एकच ठिपका ओळखून त्याचे अंतर काढते. पॉलिश केलेल्या लाकडावर आणि पितळी घंटांवर चमक प्रत्येक कोनातून वेगळ्या जागी पडते, त्यामुळे संगणकाला तोच ठिपका दुसऱ्या छायाचित्रात सापडत नाही. परिणामी सपाट फळी फुगल्यासारखी झाली, घंटांच्या जागी गोळे आले आणि जाळीची भोके बुजून गेली. माती, दगड किंवा विणलेल्या कापडाच्या वस्तूंना ही पद्धत चांगली लागू पडते. चकचकीत सागवानाला नाही.

तेव्हा मिस्त्रींच्या आराखड्यावरून ब्लेंडर या त्रिमिती रेखाटनाच्या संगणक प्रणालीत हाताने प्रतिकृती करायला घेतली. आराखडा इंच आणि सुतात आहे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. रुंदी २३ इंच ६ सूत, म्हणजे ०.६०३ मीटर. मीटर महत्त्वाचे, कारण ज्या जीएलबी स्वरूपात अँड्रॉइडसाठी फाइल द्यायची त्यात सर्व मापे मीटरमध्येच गृहीत धरली जातात. पहिल्या निर्यातीत मी मिलिमीटरमधील संख्या तशाच सोडल्या आणि देव्हारा ६०३ मीटर रुंदीचा झाला. पडद्यावर काहीच दिसेना, कारण कॅमेरा त्याच्या पोटात उभा होता. असे काहीच न दिसणे किंवा सगळा पडदा तपकिरी होणे ही एककाची चूक ओळखण्याची सोपी खूण आहे.

दुसरी चूक मूळ बिंदूची. वस्तूचा मूळ बिंदू तिच्या मध्यभागी राहिला तर ती जमिनीत अर्धी रुतलेली दिसते. तो तळाच्या पृष्ठावर आणावा लागतो.

२६ फेब्रुवारी

प्रतिकृती तयार झाली, पण फाइल १९ मेगाबाइटची निघाली. लाकडाच्या पोताचे तीन चित्रपट्टे होते, प्रत्येक ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचा. फाइलचे वजन एक, परंतु मोबाइलच्या स्मृतीत हे चित्र दाबलेल्या स्वरूपात राहत नाही. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट या हिशेबाने एकच पट्टा सुमारे ६७ मेगाबाइट जागा घेतो आणि तिन्ही मिळून दोनशेच्या वर. मुक्ताताईंच्या जुन्या मोबाइलवर पान दोनदा आपोआप बंद पडले. चित्रपट्टे १०२४ ठिपक्यांवर आणले तेव्हा प्रत्येकाची स्मृतीतील जागा सुमारे चार मेगाबाइटवर आली, फाइल १.६ मेगाबाइटची झाली आणि देव्हाऱ्याकडे हातभर अंतरावरून पाहिले तरी फरक जाणवला नाही. नक्षीची खोली खऱ्या पृष्ठांऐवजी चित्रावरील छाया-प्रकाशाने दाखवली, तेवढ्याने काम भागले.

या एका देव्हाऱ्याला माझे तेरा तास गेले. तासाला साडेचारशे रुपये हा आमचा ठरलेला दर आहे. चुका शिकण्यात गेलेला वेळ वगळला आणि पुढचे देव्हारे सहा-सहा तासांत झाले असे धरले, तरी २१ देव्हाऱ्यांचे १२६ तास आणि ५६,७०० रुपये होतात. दुसरीकडे वर्षाला वाचणारे पाच हजार आहेत. हा हिशेब मी आप्पांना दाखवला नाही, कारण त्यांनी तो आधीच मनात केलेला होता.

४ मार्च

गेले चार दिवस एकच विचार डोक्यात आहे. ४१ पैकी २६ जणांनी जे विचारले त्याचे उत्तर देण्यासाठी जाळी, घंटा, पोत यांतले काहीच लागत नाही; लागतात ती फक्त रुंदी, खोली आणि उंची. अचूक मापाचा एक साधा खोका ग्राहकाच्या ओट्यावर उभा राहिला तर "बसेल का?" याचे उत्तर मिळते. आप्पांचे वर्तमानपत्र रुंदी आणि खोली दाखवते, पण वरच्या कपाटाला कळस लागेल का हे दाखवू शकत नाही. खोका ते दाखवतो. मापाच्या बहुतेक परतींत चूक उंचीतच होती, हे इथे महत्त्वाचे ठरते.

खोके हाताने करण्याचीही गरज नाही. मापांच्या तक्त्यावरून पायथॉनची चार ओळींची आज्ञावली सगळ्या फाइली काढते. एका देव्हाऱ्यासाठी ती अशी आहे. उंची मधल्या जागी आहे, कारण जीएलबीमध्ये वर जाणारा अक्ष Y असतो, आणि तिसरी ओळ खोक्याला अर्ध्या उंचीने वर उचलून त्याचा तळ जमिनीवर आणते.

```python
import trimesh
m = trimesh.creation.box(extents=[0.603, 0.762, 0.381])
m.apply_translation([0, 0.381, 0])
m.export("dev-24.glb")
```

अशी प्रत्येक फाइल काही किलोबाइटची होते. आज्ञावलीला दोन तास लागले. मापे मात्र तक्त्यात नव्हती, असली तरी विश्वासार्ह नव्हती, म्हणून उद्या संपूर्ण दिवस कारखान्यात टेप घेऊन बसायचे आहे.

५ मार्च

सर्व ३८ वस्तू मोजल्या. ११ वस्तूंचे संकेतस्थळावरील माप आणि प्रत्यक्ष माप यांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक निघाला. त्यांतील तीन देव्हाऱ्यांचे आराखडे दोन वर्षांपूर्वी बदलले होते आणि पानावर जुनेच आकडे होते. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: झडपा उघडल्यावर देव्हाऱ्याला दोन्ही बाजूंना प्रत्येकी अकरा-बारा इंच जागा लागते आणि खालचा खण ओढला तर पुढे दहा इंच. कोपऱ्यात ठेवलेल्या देव्हाऱ्याची एक झडप भिंतीला अडते, हे ग्राहकाला घरी गेल्यावर कळते. याची नोंद ठेवली, आता हात लावत नाही.

१० मार्च

पानात जोडणी केली. पानावर त्रिमिती वस्तू दाखवणारा `model-viewer` हा खुला घटक वापरला, त्याला महिन्याचे शुल्क नाही. दुकानाला एका विक्रेत्याने मासिक वर्गणीवर एआरची सेवा देऊ केली होती. तिची वर्षाची वर्गणी माझ्या खोक्यांच्या एकूण कामाहून जास्त होती आणि वर्गणी थांबली की पानावरील बटणही थांबले असते.

```html
<model-viewer src="/3d/dev-24.glb" loading="lazy"
  ar ar-modes="webxr scene-viewer quick-look"
  ar-scale="fixed" ar-placement="floor"
  poster="/img/dev-24.jpg"></model-viewer>
```

यातील `ar-scale="fixed"` ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. ती नसेल तर ग्राहक दोन बोटांनी चिमटा काढून वस्तू लहान-मोठी करू शकतो आणि मग तिचे माप निरर्थक होते. सोफ्याच्या जाहिरातीत ते खपते, आमच्या कामाला ते घातक आहे. आयफोनला वेगळ्या, यूएसडीझेड स्वरूपाची फाइल लागते. ती दिली नाही तर हा घटक जीएलबीवरून ती तिथल्या तिथे तयार करतो आणि साध्या खोक्याला तेवढे पुरते.

संकेतस्थळाची व्यवस्था जीएलबी फाइल चढवू देईना, म्हणून होस्टिंगच्या फाइल व्यवस्थापकातून एक फोल्डर करून त्यात त्या थेट ठेवल्या.

१२ मार्च

अचूकतेची चाचणी. कारखान्यात खऱ्या देव्हाऱ्याशेजारी टेप उलगडून ठेवला, टेपला लागून खोका उभा केला आणि त्याची कड टेपवर कुठे येते ते तीन मोबाइलवर पाहिले. २३ इंच ६ सुतांचा खोका कधी २३ इंचांचा, कधी साडेचोवीस इंचांचा दिसला. म्हणजे सुमारे तीन टक्के इकडे-तिकडे. याचे कारण असे की एकाच कॅमेऱ्याचा मोबाइल जगाचे खरे माप स्वतःच्या हालचालीवरून काढतो. कॅमेऱ्यात ठिपके किती सरकले आणि मोबाइलमधील हालचालमापकाने किती अंतर सांगितले, यांची तो सांगड घालतो. मोबाइल जागेवर नुसता फिरवला तर हे गणित कच्चे राहते, दोन पावले आडवे चालले की सुधारते. यासाठी बटणाखाली एक वाक्य लिहिले: "मोबाइल हातात धरून दोन पावले डावी-उजवीकडे चाला आणि मग जागा निवडा."

तीन टक्के म्हणजे दोन फुटांच्या देव्हाऱ्यात पाऊण इंच. कोनाड्यात एका इंचाचीच मोकळीक असेल तर या साधनाने निर्णय घेऊ नये, टेपने मोजावे, हेही पानावर स्पष्ट लिहिले.

१३ मार्च

आज मुक्ताताईंच्या घरी चाचणी केली आणि तिथे खरी अडचण कळली. भिंतीवरील मांडण्यांसाठी मी `ar-placement="wall"` ठेवले होते, पण पांढऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर मोबाइलला काही केल्या पृष्ठभाग सापडेना. कॅमेरा ठिपके शोधतो ते कोपरे, डाग, पोत यांत. एकसारख्या रंगाच्या भिंतीत पकडण्याजोगे काही नसते. भिंतीवर दिनदर्शिका लटकवली तेव्हा दहा सेकंदांत काम झाले. अतिशय चकचकीत फरशीचीही तीच गत होते, कारण तिच्यातील प्रतिबिंबे कॅमेऱ्याबरोबर सरकतात. ग्रॅनाइटचा ठिपक्याठिपक्यांचा ओटा मात्र उत्तम चालतो आणि आमचे बहुतेक देव्हारे ओट्यावर किंवा त्याच्या शेजारीच बसणार आहेत, हा योगायोग आमच्या पथ्यावर पडला.

भिंतीवरच्या आठही मांडण्यांचे एआर बटण काढून टाकले. ग्राहकाला भिंतीवर दिनदर्शिका लावायला सांगण्यापेक्षा टेपने मोजायला सांगणे सोपे आहे.

दुसरी गोष्ट: खोका भिंतीला अडत नाही. कोनाडा लहान असला तरी खोका त्यातून आरपार जातो आणि समोरून पाहिले तर मावल्यासारखाच वाटतो, कारण बहुतेक मोबाइल खऱ्या भिंतीमागे गेलेला भाग लपवीत नाहीत. बाजूला जाऊन पाहिले की खोक्याची कड कोनाड्याच्या चौकटीपुढे आलेली दिसते. म्हणून "बाजूनेही पाहा" हे दुसरे वाक्य वाढवले. सूचना आणखी वाढल्या तर कोणी वाचणार नाही, तेव्हा इथेच थांबले.

१७ मार्च

तीस वस्तूंवर बटण सुरू झाले. त्यांतील तीन देव्हाऱ्यांना संपूर्ण प्रतिकृती आहे (दुसऱ्याला सात आणि तिसऱ्याला पाच तास लागले) आणि बाकी सत्तावीस वस्तूंना खोका.

विक्री वाढली का, हे काहींना बटण दाखवून आणि काहींना न दाखवून, असे भेटींचे दोन गट करून तपासावे अशी सूचना मुक्ताताईंच्या भावाने केली. तो विचार गणितात टिकत नाही. महिन्याला साधारण १,४०० भेटी आणि अठरा मागण्या, म्हणजे प्रमाण सव्वा टक्का. ते पावणेदोन टक्क्यांवर गेले असे मानले, आणि ही वाढ मोठीच आहे, तरी ती योगायोग नाही हे खात्रीने सांगायला प्रत्येक गटात सुमारे साडेनऊ हजार भेटी लागतील. दोन्ही गटांच्या मिळून एकोणीस हजार भेटी जमायला आम्हाला साडेतेरा महिने लागतील, आणि मध्ये पाडवा, गणपती, दिवाळी असे तीन हंगाम येतील. लहान दुकानाने अशा कसोटीच्या मागे लागू नये. आम्ही त्याऐवजी तीन गोष्टी पाहणार आहोत: बटण दाबून वस्तू प्रत्यक्ष जागेवर ठेवली गेली का, मापाच्या चौकश्या कमी झाल्या का, आणि विकत घेणाऱ्यांना फोन करून विचारल्यावर ते काय सांगतात.

२४ मार्च

आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या. जवळजवळ ४० टक्के भेटी समाजमाध्यमांच्या ॲपमधल्या अंतर्गत ब्राउझरमधून येतात आणि तिथे एआरचे बटण दिसतच नाही. जाहिरात तिथेच करतो, म्हणजे ज्याच्यासाठी हे केले त्यालाच ते मिळत नाही. घटकाच्या `canActivateAR` या गुणधर्मावरून सोय उपलब्ध आहे की नाही हे कळते. ती नसेल तेव्हा "हे पान क्रोम किंवा सफारीमध्ये उघडा" असे वाक्य आणि त्याखाली आप्पांची वर्तमानपत्राची पद्धत, घडीच्या मापासह, दिसेल अशी व्यवस्था केली. आप्पांनी ते पान स्वतःच्या मोबाइलवर तीनदा उघडून पाहिले.

१८ जून

तीन महिने झाले. १७ मार्च ते १५ जून या काळात बटण २१४ वेळा दाबले गेले, १३२ वेळा अँड्रॉइडवर आणि ८२ वेळा आयफोनवर. आयफोनवर पुढे काय झाले ते पानाला कळत नाही, कारण दर्शन पानाबाहेर उघडते. अँड्रॉइडवर `ar-status` या संदेशातून वस्तू ठेवली गेल्याची खबर मिळते: १३२ पैकी ७१ वेळा ती ठेवली गेली. उरलेल्या ६१ पैकी काही प्रयत्न पानाबाहेरच्या दर्शनात गेले असतील, पण बरेचसे पृष्ठभाग न सापडल्याने सोडून दिलेले असावेत असा माझा अंदाज आहे.

संपूर्ण प्रतिकृतीच्या तीन देव्हाऱ्यांवर दर शंभर भेटींमागे जितक्या वेळा बटण दाबले गेले, साधारण तितक्याच वेळा ते खोक्यांवरही दाबले गेले. आकडे लहान आहेत, त्यांतून फार काही काढू नये. तरीही पंचवीस तासांच्या मेहनतीचा उठून दिसणारा फरक असता तर तो थोडा तरी दिसला असता.

मापाच्या चौकश्या जानेवारीत ४१ पैकी २६ होत्या, मे महिन्यात ४४ पैकी १५ आल्या. यातले श्रेय एआरचे किती आणि कळसासह उंची लिहिल्याचे किती, हे वेगळे करता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी केल्या. मला विचाराल तर मोठा वाटा त्या एका ओळीचा आहे.

सर्वांत उपयोगी ठरले ते मुक्ताताईंचे फोन. या काळातील ५२ खरेदीदारांशी त्या बोलल्या. अकरा जणांनी खोका किंवा प्रतिकृती घरात ठेवून पाहिली होती. त्यांतील चौघांनी त्यानंतर आपला निर्णय बदलला: तिघांनी ठरवलेल्यापेक्षा लहान देव्हारा घेतला आणि चिंचवडच्या एका बाईंनी मोठा घेतला, कारण वरच्या कपाटापर्यंत अजून फूटभर जागा आहे हे त्यांना खोक्यामुळे दिसले. खोका ओबडधोबड वाटला का, असे विचारल्यावर एकीने सांगितले की फोटो वर होताच की.

मापामुळे परत आलेला देव्हारा या तीन महिन्यांत एकही नाही. मागच्या वर्षी याच काळात दोन आले होते, तेव्हा यावरही फार भार टाकत नाही.

१९ जून

आप्पांपुढे हिशेब मांडला. आज्ञावलीचे दोन, मोजमापाचे आठ आणि जोडणी व चाचणीचे सहा, असे सोळा तास, म्हणजे ७,२०० रुपये. तीन संपूर्ण प्रतिकृतींचे पंचवीस तास, म्हणजे ११,२५० रुपये. पहिल्या खर्चातील आठ तासांचे मोजमाप एआर नसते तरी करायलाच हवे होते, आणि ते झाल्यामुळेच अकरा वस्तूंची मापे दुरुस्त झाली. माझे मत असे नोंदवले: खोके ठेवावेत आणि नवीन वस्तू आली की तिची ओळ तक्त्यात भरावी, त्याला दहा मिनिटे लागतात, संपूर्ण प्रतिकृती मात्र आता आणखी करू नयेत. अपवाद एकच, पंचवीस हजारांच्या वरचा मोठा देव्हारा, जो वर्षात पाच-सहा जातात आणि ज्यात शेजारच्या फर्निचरशी रंग जुळवण्याचा प्रश्न खरोखर येतो.

आप्पांनी विचारले, "म्हणजे तुम्ही माझं वर्तमानपत्र उभं केलंत, एवढंच ना?" मी होकार दिला.

२३ जून

५ मार्चला बाजूला ठेवलेले काम हाती घेतले. झडपांच्या प्रत्येक देव्हाऱ्यासाठी दुसरा खोका काढला: मधला भाग लाकडी रंगाचा, आणि झडपा व खण उघडल्यावर लागणाऱ्या जागेचे दोन्ही बाजूंचे व पुढचे भाग अर्धपारदर्शक पिवळे. बटणे दोन केली, "बंद" आणि "उघडा". मुक्ताताईंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो ठेवून पाहिला तेव्हा पिवळा भाग डावीकडे थेट फ्रिजच्या दारात घुसला. त्यांचा स्वतःचा देव्हारा त्याच जागी आहे आणि त्याची डावी झडप गेली चार वर्षे अर्धीच उघडते, असे त्यांनी सांगितले.